दीड तासाचं प्रशिक्षण आणि वीस मिनिटांची नळी

पावसाळ्यापूर्वी सर्पदंशावर एक प्रशिक्षण घ्या, असा तालुक्यातून निरोप आला तेव्हा सोबत विषयांची यादीही आली होती. सापांच्या जाती, विषाचे प्रकार, प्रथमोपचार, प्रतिविष, त्याची रिअ‍ॅक्शन, रेफर कधी करायचं, नोंदवह्या, विम्याचे कागद आणि शेवटी जनजागृती. वेळ दुपारी दोन ते चार, त्यातच चहा. मी नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर होते आणि निवृत्तीनंतर अशी सत्रं घेत असते, त्यामुळे यादीचं आश्चर्य वाटलं नाही. अशा याद्या पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून निघतात. समोर कोण बसणार आहे, हे त्यात कुठेच नसतं.

समोर बसणार होत्या लांजा-राजापूर पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या आणि आसपासच्या आरोग्य केंद्रांच्या सिस्टर, दोन-तीन नवे डॉक्टर आणि एक लॅब टेक्निशियन. सकाळची ड्युटी दोनला सुटते. मग चार्ज द्यायचा, रजिस्टर पुरं करायचं. चारच्या सुमाराची एसटी चुकली की पुढचे दोन तास स्टँडवर. म्हणजे कागदावरच्या दोन तासांतले हाती लागणार सव्वादोन ते पावणेचार, दीड तास. त्यात स्वागत, दीपप्रज्वलन, गुलाबपुष्प आणि प्रमुख पाहुण्यांचं मनोगत धरलं की उरतो एक तास. मी पहिली अट हीच घातली की समारंभ नको, फोटो लागत असेल तर चहाच्या वेळी काढा. थोडी कुरबूर झाली, पण मान्य झालं.

प्रौढांना शिकवण्याच्या शास्त्राला इंग्रजीत अँड्रॅगॉजी म्हणतात. शब्द जुना आहे, जर्मन शिक्षक अलेक्झांडर काप यांनी तो १८३३ मध्ये वापरला होता. पण आज आपण ज्या अर्थाने तो घेतो तो अमेरिकेतल्या माल्कम नोल्स यांनी १९६८ पासून रूढ केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोठ्या माणसाला हे का शिकायचं ते आधी कळावं लागतं. आपलं आपण ठरवायची त्याला सवय असते. तो अनुभवाचं गाठोडं घेऊन येतो. जे कामात अडतं तेच शिकायला तो तयार असतो, आणि विषय क्रमाने नको, अडचण सुटायला हवी असते. पुढे त्यांनी आतून येणाऱ्या प्रेरणेचीही भर घातली. हे सगळं बी.एड.च्या किंवा नर्सिंगच्या परीक्षेत लिहायला सोपं आहे. दीड तासात त्याचं करायचं काय, हा खरा प्रश्न.

मी सुरुवात फोनपासून केली. येणाऱ्यांपैकी काहीजणींना फोन लावला आणि प्रत्येकीला एकच विचारलं, ‘तुमच्याकडे शेवटचा साप चावलेला पेशंट आला होता ना, तो दारातून आत आल्यापासून पहिला तासभर तुम्ही काय-काय केलंत ते सांगा.’ ‘प्रशिक्षणात काय हवं?’ असं मुद्दाम विचारत नाही. तसं विचारलं की लोक ‘सगळंच घ्या मॅडम’ म्हणतात. एका खऱ्या प्रसंगाची हकिगत मात्र कुणीही सांगतं, आणि कुठे अडलं ते त्यात आपोआप येतं. जॉन फ्लॅनॅगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ही पद्धत मांडली. तिची पाळंमुळं दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या अभ्यासात आहेत. आपल्या वॉर्डात ती तितकीच चालते.

या फोनांतून दोन गोष्टी पुन्हा-पुन्हा कानावर आल्या. एक म्हणजे रक्त गोठण्याची चाचणी. आमच्या भागात फुरशाचं प्रमाण मोठं आहे. जांभ्याच्या सड्यावर, चिरेखाणीत, काजूच्या बागेत पालापाचोळ्याखाली ते असतं. फुरसं आणि घोणस या दोघांचं विष रक्ताचं गोठणं बिघडवतं. ते बिघडलंय का हे बघायला मशीन लागत नाही. दोन मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच कलती करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी हकिगतीत कुणी म्हणे, ‘लॅब बंद होती, मग प्लॅस्टिकच्या व्हायलमध्ये घेतलं’, कुणी म्हणे, ‘नळी होती, धुतलेली होती’, आणि कुणी म्हणे, ‘लावली होती, पण दुसरी डिलिव्हरी आली, बघायचं राहिलं.’

दुसरी गोष्ट भीतीची. प्रतिविष, म्हणजे वॉर्डात ज्याला सगळे एएसव्ही म्हणतात, ते कपाटात असतं. पण रिअ‍ॅक्शन आली तर काय, या धास्तीने पेशंटला सलाईन लावून १०८ मध्ये घालून रत्नागिरीला पाठवायचं. एका सिस्टरने स्पष्टच सांगितलं, ‘मॅडम, रात्री मी एकटी. पेशंट माझ्यासमोर गेला तर गाव मला विचारणार. गाडीत गेला तर कुणी विचारत नाही.’ भीतीचं हे कारण कोणत्याही स्लाइडवर येत नाही. आणि सापांच्या जातींवर अर्धा तास बोलून ते जातही नाही.

इथे एक चाळणी लावावी लागते. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांची एक जुनी कसोटी आहे: जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम करता येईल का? येत असेल, तर अडचण शिकण्याची नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे. नळीत रक्त घेणं प्रत्येक सिस्टरला येतं. रात्री काचेची नळी हाताशी नसते, एवढीच अडचण. त्यावर मी कितीही रंगून शिकवलं तरी उपयोग शून्य. म्हणून प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी लॅब टेक्निशियनशी बोलून नव्या काचेच्या नळ्यांची मागणी टाकायला लावली, आणि त्या लॅबच्या कपाटात न राहता वॉर्डाच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये राहतील असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं. धुतलेल्या नळीत साबणाचा अंश राहिला तर निरोगी रक्तसुद्धा गोठत नाही, हे टेक्निशियनला माहीत होतं. नळ्या धुणाऱ्या मावशींना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्याशी तो पाच मिनिटं बोलला आणि ते काम झालं. प्रशिक्षणाचा एक तुकडा असा वऱ्हांड्यातच संपला.

उरलं ते शिकवण्यासारखं. नळी अशीच का आणि निकाल काय सांगतो याची समज, आणि रिअ‍ॅक्शनला सामोरं जायचा हातांचा सराव. यादीतलं बाकी सगळं मी काढून टाकलं. मेगर यांचाच १९६२ चा धडा आहे की उद्दिष्ट लिहिताना माणूस काय करील, कोणत्या परिस्थितीत आणि किती चोख, हे तिन्ही लिहावं. ‘सर्पदंशाविषयी जाण वाढेल’ हे उद्दिष्ट तपासताच येत नाही. मी लिहिलं ते असं: रात्रपाळीला एकटी असलेली सिस्टर सर्पदंशाचा पेशंट आल्यापासून पाच मिनिटांत काचेच्या नळीत रक्त लावील, वीस मिनिटांनी एकदाच बघेल आणि दोन्ही वेळा निकालासह केसपेपरवर लिहील. आणि एएसव्ही सुरू होण्याआधी, रिअ‍ॅक्शन आली तर द्यायचं ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवील. तालुक्याच्या साहेबांना हे फारच थोडं वाटलं. ‘एवढ्यासाठी माणसं बोलवायची?’ असं ते म्हणाले. मी त्यांना फोनवरच्या हकिगती नावं गाळून वाचून दाखवल्या. मग विषयांच्या यादीचं एक पान छापून घरी न्यायला द्यायचं, यावर तडजोड झाली. ते पान कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही, पण त्यापायी माझा एक तास वाचला.

आता आराखडा. कोणत्याही छोट्या कार्यशाळेत मी आधी एक गोष्ट शोधते: या कामात स्वतःचा वेळ खाणारी पायरी कोणती? इथे ती समोरच होती. चाचणीला वीस मिनिटं लागतात आणि ती कमी करता येत नाहीत. मग ती वीस मिनिटंच कार्यशाळेचा कणा करायची. आल्या-आल्या नळ्या लावायच्या, वाट बघताना केस सोडवायची आणि वेळ झाली की नळ्या बघायच्या. वॉर्डातही वेळ याच चालीने जातो.

सव्वादोनला माणसं आली. निम्म्यांच्या पदरात डबा होता, मी जेवत-जेवत बसायला सांगितलं. टेक्निशियनने आपणहून हात पुढे केला. त्याचं रक्त घेऊन टेबलावरच्या नळ्यांत प्रत्येकी दोन मिलिलिटर घातलं. पहिली नळी नवी, काचेची. दुसरी काचेचीच, पण आत सायट्रेटचे थेंब घातलेले, म्हणजे रक्त गोठूच नये अशी. फुरसं चावलेल्या पेशंटचं रक्त कसं दिसेल ते दाखवायला. तिसरी साबणपावडरने धुऊन नीट न विसळलेली. चौथी प्लॅस्टिकची. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ फळ्यावर लिहिली. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, कोणती गोठेल आणि कोणती नाही. बोलायचं नाही, फक्त लिहायचं.

चिठ्ठीचा आग्रह उगाच नव्हता. आपल्या सरकारी दवाखान्यांत डॉक्टर बोलले की सिस्टर गप्प होतात, मग त्यांची वीस वर्षं त्या वॉर्डात गेलेली असोत. तोंडी विचारलं असतं तर पहिला आवाज बंधपत्रावर आलेल्या डॉक्टरांचा आला असता आणि बाकी सगळ्यांनी मान हलवली असती. अंदाज आधी कागदावर उतरला की माणूस त्याला बांधला जातो, आणि उत्तर चुकलं तर कारण ऐकायला कान टवकारून बसतो.

तेवढ्यात एक वरिष्ठ सिस्टर म्हणाल्या, ‘आम्ही तर नळी मुठीत धरतो, ऊब लागावी म्हणून. अशी टेबलावर ठेवलेली मी पहिल्यांदाच बघतेय.’ त्यांच्या शेजारच्या दोघींनी हो-हो केलं. नोल्स यांच्या मांडणीतलं अनुभवाचं गाठोडं ते हेच. त्यात कधी-कधी असं काहीतरी असतं जे मी सांगणार असलेल्या गोष्टीच्या उलट जातं. इथे ‘ते चूक आहे’ म्हटलं असतं तर त्या सिस्टर उरलेला वेळ हाताची घडी घालून बसल्या असत्या. मी टेक्निशियनकडून आणखी दोन मिलिलिटर मागून घेतलं आणि पाचवी नळी त्यांच्या मुठीत दिली. म्हटलं, ‘तुमच्या पद्धतीने वीस मिनिटं धरा.’

वाट बघता-बघता केस. जोड्या करताना डॉक्टरबरोबर डॉक्टर, सिस्टरबरोबर सिस्टर. पहिला कागद: रात्रीचे अकरा चाळीस, गवताच्या भाऱ्यात हात घालताना बोटाला चावलं, हात सुजलाय, साप कुणी नीट बघितला नाही, नातेवाईक दोरी बांधून आलेत. तुम्ही एकट्या आहात. पुढच्या दहा मिनिटांत कराल त्या गोष्टी क्रमाने लिहा. दुसरा कागद नंतर: नळी लावली, वीस मिनिटांनी गोठलेली आहे. आता? इथे जवळपास सगळ्यांनी ‘निरीक्षण’ एवढंच लिहिलं. म्हणजे काय, असं मी विचारत गेले. किती वेळाने बघणार, काय बघणार, कोण बघणार? एका जोडीत बोलता-बोलता आलं की पहिली नळी गोठली म्हणून पेशंट सुटला असं नाही, विष चढायला वेळ लागतो. पहिले तीन तास दर तासाला नळी लावायची, नंतर सहा-सहा तासांनी. हा आकडा मीच सांगितला. तो चर्चेतून ‘शोधून’ निघण्यासारखा नाही, आणि तसा शोधायला लावणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण प्रौढशिक्षणाच्या नावाखाली पुष्कळ ठिकाणी सगळंच सहभागींवर सोडलं जातं. गटचर्चा, चार्टपेपर, रंगीत स्केचपेन, आणि शेवटी फळ्यावर तेच येतं जे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. ज्याने एकही सर्पदंश हाताळलेला नाही त्याला ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणून काय मिळणार? प्रौढ असणं आणि त्या कामात मुरलेलं असणं या निराळ्या गोष्टी आहेत. नोल्स यांनी स्वतः १९७० मध्ये मुलांचं शिक्षण विरुद्ध प्रौढांचं शिक्षण असा सामना मांडला होता, पण १९८० च्या आवृत्तीत तो मवाळ करून दोन्ही एकाच पट्टीची दोन टोकं असल्याचं मान्य केलं. माणूस त्या विषयात नवा असेल तर त्याला सरळ सांगावं, करून दाखवावं. जाणता असेल तर त्याला निर्णय घ्यायला लावावा. आमच्या खोलीत दोन्ही प्रकारची माणसं होती. बदली होऊन आलेली एक सिस्टर आयुष्यभर लेबर रूममध्ये होती, तिला मी केसच्या वेळी तयार क्रमाचा कागद हातात दिला आणि तो केसशी ताडून बघायला सांगितला. तिला बरं वाटलं.

घड्याळाची वेळ झाली. नळ्या एकेक करून कलत्या केल्या. काचेच्या पहिल्या नळीत गोळा घट्ट बसलेला, नळी पालथी केली तरी सुटला नाही. सायट्रेटची पाण्यासारखी वाहिली. साबणाची नळी अर्धवट, वर पातळ आणि खाली जेलीसारखं काहीतरी. प्लॅस्टिकच्या नळीने वाद उभा केला. रक्त गोठलं होतं की नाही? दोन डॉक्टर म्हणाले गोठलं, तीन सिस्टर म्हणाल्या वाहतंय. मी त्यांना भांडू दिलं. शेवटी लेबर रूमवाली सिस्टरच म्हणाली, ‘दिवसा पाच जण उजेडात बघून ठरवत नाहीत, तर रात्री मी काय ठरवणार?’ काचेचा पृष्ठभाग गोठण्याच्या क्रियेला चालना देतो, प्लॅस्टिक देत नाही. हे कारण मी नंतर दोन वाक्यांत सांगितलं. संशयास्पद नळीवरून एएसव्ही चढवलं तर नको त्या माणसाला रिअ‍ॅक्शनचा धोका, आणि कपाटातल्या मोजक्या व्हायलही खर्च होतात.

मुठीतली नळी? ती छान गोठली होती. वरिष्ठ सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. मीही म्हटलं, बरोबर आहे, निरोगी रक्त मुठीतही गोठणारच. मग विचारलं, ‘वीस मिनिटांत तुम्ही किती वेळा मूठ उघडून बघितलंत?’ दोन-तीनदा बघितलं होतं, थोडं हलवूनही. विष कमी प्रमाणात भिनलेल्या पेशंटचा गोळा कच्चा असतो, तो असा हलवण्याने मोडतो आणि निकाल चुकतो. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, ‘ते असू दे, पण रात्री नळी धरून बसणार कोण? स्टँडवर ठेवलेलीच बरी.’ माझ्या कारणापेक्षा त्यांचं कारण त्यांच्या कामाला जास्त लागू होतं. मी माझं पुढे रेटलं नाही.

उरलेल्या वेळेचा मोठा भाग हातांना दिला. स्टोअरमधून मुदत संपलेल्या एएसव्हीच्या व्हायल मागवल्या होत्या. भुकटी असते, प्रत्येक व्हायलमध्ये दहा मिलिलिटर इंजेक्शनचं पाणी घालून विरघळवायची. जोरात हलवली की फेस होतो, म्हणून हळूहळू गोल फिरवायची. सुरुवातीचा डोस दहा व्हायलचा, मुलांनाही तेवढाच, कारण विष तेवढंच असतं. एकटीने दहा व्हायल विरघळवायला लागणारा वेळ बघून डॉक्टरांचे डोळे उघडले. आजवर ते ‘एएसव्ही सुरू करा’ म्हणून सांगत आणि पुढच्या पेशंटकडे वळत. आता त्यांनीच ठरवलं की एक व्हायल विरघळवून सलाईनमध्ये घालेपर्यंत वॉर्डबॉयला पुढची हातात फिरवायला बसवायचं.

मग रिअ‍ॅक्शनची रंगीत तालीम. खाटेवर एक सिस्टर पेशंट झाली, ठिबक चालू, आणि मी मधेच म्हटलं, ‘खाज सुटलीये, अंगावर गांधी उठल्यात, श्वास लागतोय.’ ठिबक बंद. ॲड्रेनालिन मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्राम, म्हणजे एक मिलिलिटरच्या अँप्युलमधला अर्धा भाग, मांडीच्या स्नायूत. पहिल्या खेपेला सिरिंज शोधून, अँप्युल फोडून, भरून देईपर्यंत इतका वेळ गेला की खाटेवरची सिस्टर म्हणाली, ‘मी गेले!’ सगळे हसले. दुसऱ्या खेपेला सिरिंज आधीच भरून, नाव लिहून ट्रेत ठेवली होती. काम निम्म्याहून कमी वेळात झालं. पेशंट सावरल्यावर ठिबक हळू करून पुन्हा सुरू करायची, एएसव्ही सोडून द्यायचं नाही, हेही त्याच वेळी हातांतून गेलं. फोनवर ‘गाडीत घालून पाठवते’ म्हणणाऱ्या सिस्टरने तिसरी खेप आपणहून मागितली. मी ती दिली आणि त्यापायी नोंदींचा भाग कापला.

शेवटच्या टप्प्यात मुद्दाम एक उलटी केस ठेवली होती. पहाटे जमिनीवर झोपलेला माणूस, पोटात दुखतंय, चावल्याची खूण नाही, सूज नाही, नळी व्यवस्थित गोठलेली. पापण्या जड. तासभर नळीचंच कौतुक ऐकलेल्या खोलीत काहींनी ‘विष नाही’ लिहिलं. मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं, रक्त गोठायचं थांबत नाही. नळीने घोणस आणि फुरसं कळतं, नाग-मण्यार नाही. एखादं साधन मनापासून शिकवलं की माणसं ते सगळीकडे लावायला बघतात, म्हणून ते कुठे चालत नाही हे त्याच बैठकीत करून बघायला लावणं मला आवश्यक वाटतं. ‘चापडा चावला तर?’ असाही प्रश्न आला. आपलं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्धच बनतं, एवढं सांगून तो प्रश्न ‘नंतर’ लिहिलेल्या कागदावर टाकला. पावणेचारला सगळे एसटीसाठी उठले. चहा उभ्या-उभ्या झाला, फोटोही.

अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले, कारण ते वर पाठवायचे असतात. सगळ्यांनी ‘उत्तम’वर खूण केली. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या, त्यातली ही पहिली: माणूस खूश होता का? तिसरी पायरी, म्हणजे कामावर परतल्यावर वागणं बदललं का, ती बघायला मला केसपेपर हवे होते. ते बघायची परवानगी मी सत्राआधीच घेऊन ठेवली होती. नंतर घेऊ म्हटलं की ती मिळत नाही.

मधल्या काळात ग्रुपवर अधूनमधून एकेक छोटी केस टाकत होते, उत्तर दुसऱ्या दिवशी. वाचून सोडून देण्यापेक्षा आठवून उत्तर द्यावं लागलं की गोष्ट जास्त टिकते, यावर रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग बोलका आहे. ग्रुपवर सुरुवातीला उत्तरं भराभर आली, भातलावणी आणि तापाची साथ सुरू झाल्यावर मंदावली. डॉक्टर सगळ्यांत आधी गळाले.

गणपतीनंतर जाऊन केसपेपर चाळले. नळी लावल्याची वेळ बहुतेकांवर होती, आणि काचेच्या नळ्या खरंच वापरल्या जात होत्या. बघितल्याची वेळ मात्र रात्रपाळीच्या कागदांवर बऱ्याचदा कोरी. विचारलं तर कारण कळलं: बघतात, पण दोन रुग्णांच्या मध्ये, आणि लिहायचं सकाळवर ठेवतात. दर तासाच्या नळ्या जवळजवळ कुठेच नव्हत्या. एएसव्ही मात्र पाठवण्याआधी सुरू केल्याच्या नोंदी दिसल्या, आणि एका कागदावर रिअ‍ॅक्शन, ॲड्रेनालिनची वेळ, ठिबक पुन्हा सुरू केल्याची वेळ, सगळं ओळीने लिहिलेलं होतं.

कोऱ्या रकान्याला आणखी प्रशिक्षण हे उत्तर नव्हतं. लिहिणं तर सगळ्यांना येतंच. आम्ही एक छोटा शिक्का करून घेतला, ‘नळी लावली — वाजता, बघितली — वाजता, गोठली / नाही’, अशा चार आडव्या ओळींचा, आणि तो ट्रेमध्ये नळ्यांच्या शेजारी ठेवला. चार ओळी अशासाठी की पहिली भरली की उरलेल्या तीन रिकाम्या दिसतात. नळ्यांच्या डब्यावर ‘फक्त सर्पदंश’ अशी चिकटपट्टी लावावी लागली, कारण त्यांतल्या काही दुसऱ्याच तपासण्यांना गेल्या होत्या.

पुढच्या वर्षी तेच सत्र पुन्हा घ्या असं सांगणं आलंय. बदल्यांमुळे निम्मी माणसं नवी असतील. या वेळी मी दीड तासाचे दोन तुकडे मागितलेत, पाऊण तास मेमध्ये आणि पाऊण तास जुलैच्या शेवटी, तोपर्यंत एखादी तरी केस प्रत्येकीच्या हाताखालून गेलेली असेल. मेमधली नळ्यांची वीस मिनिटं त्या वरिष्ठ सिस्टर घेणार आहेत. मुठीतली नळी ठेवायची का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं ठेवा, आणि तुमचंच कारण सांगा.